गाणं की थाळी?

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलाला पहिल्या थंडीत दोन गोष्टी होतात. एक सर्दी आणि दुसरं गाणं. मला ॲबर्डीनला दोन्ही एकाच आठवड्यात झाली. सर्दी गोळ्यांनी उतरली, गाणं मात्र छातीत बसलं. त्यात मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ‘काहीतरी स्वतःचं’ सादर करायचं मी कबूल करून बसलो होतो.

एका रात्रीत गाणं लिहून काढलं. मुखड्यात माड. पहिल्या अंतऱ्यात सोलकढी, दुसऱ्यात सिंधुदुर्ग किल्ला, तिसऱ्यात दशावतारातला संकासूर आणि आंगणेवाडीची जत्रा. जागा उरली म्हणून शेवटी आईची हाक. माझा खोलीतला जोडीदार सोलापूरचा होता. गिटार तो वाजवणार होता, त्यामुळे पहिला श्रोताही तोच. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काय बे, हे गाणं हाय का थाळी?”

राग आला, पण खरं होतं. सगळं वाढलं होतं आणि चव कशाचीच नव्हती. “एक काहीतरी धर,” तो म्हणाला, “आणि तेच शेवटपर्यंत ओढ.” ‘ओढ’ हा शब्द त्याने सहज वापरला. त्याचा उपयोग मला पुढे पंधरा दिवसांनी कळला.

मग एकेकाला बोलावून तपासलं. आधी सोलकढी. तिच्यावर तीन ओळी लिहिल्या की पाककृती होते: आगळ, नारळाचा रस, लसूण, मिरची. ऐकणाऱ्याचे डोळे भरत नाहीत, तोंड भरतं. शिवाय इथल्या देशी दुकानात आगळाची बाटली मिळाली. मी दोन पेले प्यायलो आणि तळमळ बसली. जी तळमळ एका बाटलीत मिटते, तिच्यावर तीन अंतरे कसे लिहिणार?

माड नुसता उभा राहतो. वारा आला की हलतो, गेला की थांबतो. पहिल्या अंतऱ्यात जिथे होता तिथेच तिसऱ्यातही. किल्ल्याचं उलट झालं. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली आणि जिथे चुन्यात महाराजांच्या हातापायांचे ठसे जपलेले आहेत, तो किल्ला गाण्यात शिरला की गाण्याचा पोवाडा होतो. माझं दुःख एवढंच, की रविवारी कपडे मला धुवावे लागतात. त्यासाठी महाराजांना उठवणं बरं दिसेना.

उरला समुद्र. मालवणचा मुलगा, बाहेर उत्तर समुद्र, म्हणजे कपाळावर लिहिलेलीच प्रतिमा. एका संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, वाऱ्याने कानटोपी नेली, आणि लक्षात आलं की ही जागा कधीचीच भरलेली आहे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर कायद्याचा एक मराठी विद्यार्थी उभा राहिला, सोबतीला मित्र निरंजन पाल, आणि ‘सागरा प्राण तळमळला’ जन्मलं. ते काही सावरकरांचं पहिलं काव्य नव्हे आणि त्यांची तळमळ माझ्यासारखी कपडे धुण्याची नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाला त्याच वर्षी काळ्या पाण्याची जन्मठेप झाली होती. तरी कसबाचा धडा म्हणून मी ते चार वेळा ऐकलं.

आणि चकित झालो. मला वाटायचं, त्यात समुद्र आहे तो देखाव्यासाठी. तसं नाही. समुद्र तिथे आरोपी आहे. त्याने नेताना परत आणायचा शब्द दिला आणि मोडला. म्हणून प्रत्येक कडव्यात कवीचं त्याच्याशी नातं बदलतं. आधी वचनाची आठवण, मग फसलो म्हणून तक्रार, मग त्याचा फेस म्हणजे निर्दय हसू, आणि शेवटी अगस्तीचं नाव काढून सरळ धमकी. त्यात आंबा आहे, गुलाब आहे, तारे आहेत, आईची झोपडी आहे. म्हणजे माझ्या थाळीइतकेच पदार्थ! पण ते सगळे समुद्रापुढे मांडलेले पुरावे आहेत. पालुपद तेच राहतं आणि दर खेपेला त्याचा आवाज वेगळा लागतो.

मीही समुद्राला जाब विचारून पाहिला. पण मला समुद्राने आणलंच नव्हतं, विमानाने आणलं होतं. विमान कंपनीला अगस्तीची भीती घालता येत नाही. ती फार तर सामानाचे जादा पैसे लावते.

असा रिकामा बसलो असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. ती किनाऱ्यावर होती, मागे रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत आत जाते, अर्धगोल घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून माणसांच्या रांगा ओढत ओढत एकमेकींजवळ सरकतात. हात लावणाऱ्यालाही थोडी मासळी मिळते. शाळेच्या वयापासून माझी जागा ठरलेली, डावीकडच्या रांगेत तिसरी.

“आई, माझ्या जाग्यार कोण गो?”

“शेजारचो झील. बरो ओढता.”

“आणि मी?”

“तू नाय म्हणान कोण दोर सोडता काय?”

फोन ठेवला आणि पोटात कायसं झालं. सोलकढीने असं कधी झालं नव्हतं. घर आठवतं हे दुःख नव्हतंच. घराचं माझ्यावाचून नीट चाललंय, हे दुःख होतं.

जोडीदाराला सांगितलं, दोर धरला. त्याने उलटतपासणी घेतली. “म्हणजे तुला घरचे वडून घेत्यात, असं?” हो म्हणालो. “मग तू मासा झालास. वडून काढल्यावर मासा कढईत जातो बे!” मी गप्प. आपण धरलेली प्रतिमा शेवटपर्यंत चालवून पाहावी लागते, नाहीतर तिसऱ्या अंतऱ्यात गायकाला हळद-मीठ लागतं. म्हणून मासा सोडला, जाळं सोडलं, आणि गाण्यातला ‘मी’ केला रांगेतून निघून गेलेला माणूस. मुखडा असा आला:

दोर सुटला हातातून,
वळ तळव्याला राहिला.

मग अंतरे आपोआप रांगेत आले. पहिल्यात वळ ताजा आहे, विमानतळावर बॅग उचलताना झोंबतो. दुसऱ्यात हिवाळा येतो, हातमोज्यांत तळवा मऊ पडतो, वळ शोधावा लागतो, आणि तोच मुखडा आता खोटा वाटू लागतो. तिसऱ्यात वळ आहे, पण शेजारच्या पोराच्या तळव्यावर. शब्द तेच, हात दुसऱ्याचा. माड, किल्ला, संकासूर सगळे गेले. आईची हाकसुद्धा गेली, याचं तिला अजून वाईट वाटतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात गाणं झालं. तिसऱ्या अंतऱ्यानंतर टाळ्या पडायला जरा वेळ लागला. जोडीदार म्हणतो तो परिणाम होता. मला वाटतं लोक जेवणाच्या टेबलाकडे बघत होते. नंतर एक काकू भेटल्या. गाणं छान होतं म्हणाल्या, पण मालवणचं असून सोलकढी कशी नाही?

पुढच्या ऑक्टोबरात घरी आलो. पहाटेच रापणीला गेलो. डावीकडची तिसरी जागा काही त्या पोराने सोडली नाही, म्हणून मी चौथ्या जागी उभा राहिलो. वाटे घातले तेव्हा मला पाच बांगडे मिळाले, त्याला सात.