मरता मरता हजेरीपट

आपल्या पडद्यावरचा खलनायक मरायला टेकला की कारकून होतो: कोणाला कधी मारलं, तिजोरीची चावी कुठे ठेवली, सगळा हिशेब तारीखवार. प्रेक्षकाने अडीच तास झोपा काढल्या, असं लेखकाने गृहीतच धरलेलं असतं. याउलट १९८२च्या ‘ब्लेड रनर’मधला रॉय बॅटी पाहा. त्याला बनवणाऱ्यांनी आयुष्यच दिलं चार वर्षांचं. मरताना तो आपणच केलेल्या निर्मात्याच्या खुनाबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रेक्षकाने कधीच न पाहिलेली अंतराळातली दोन-तीन दृश्यं सांगतो आणि ती स्वतःबरोबर पुसली जाणार, एवढंच म्हणतो. त्याची जखम आणि त्याचा तर्क, दोन्ही यातच येतात: इतकं पाहिलेल्याला इतकं थोडं जगणं का? नट रूटगर हाउअरने मूळ भाषणाला कात्री लावून दृश्यं पुसली जाण्याची ती ओळ स्वतः जोडली होती.

कोणी म्हणेल, संदर्भ न देता प्रेक्षकाला कळणार कसं? पण कथानक त्याने पाहिलेलंच असतं. न दिसलेलं असतं ते फक्त मारेकऱ्याचं गाऱ्हाणं. आणि रॉय शेवटी नायकाला वाचवतो, म्हणून खलनायक नाहीच, हा आक्षेप त्याने मारलेल्यांच्या नातलगांनी नोंदवावा.