राजीनामा टाकला का? मग भाव बोला!

काय हे दिवस आलेत हो! पूर्वी राजीनामा म्हटलं की घरात सुतकी शांतता पसरायची. आता हिंजवडीत राजीनामा पडला की पेढे वाटतात. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड लागला रे लागला, की गड्याचा भाव वधारलाच. पहिली ऑफर दाखवून दुसरी मिळवायची, दुसरी दाखवून तिसरी. आणि तीन वर्षं 'बजेट नाही' म्हणून रडणारा साहेब राजीनाम्याचा मेल वाचताच 'दोन मिनिटं बोलूया का?' म्हणत खुर्चीपाशी हजर! एका दुपारीत बजेट उगवलं कुठून, विचारायची सोय आहे का?

त्यात काही हरिश्चंद्र ऑफर लेटर हातात पडायच्या आधीच साहेबाला सांगून मोकळे होतात, 'मी बाहेर मुलाखती देतोय.' झालं! ऑनसाइटच्या यादीतून नाव उडालं आणि केटी घ्यायला एक ज्युनिअर शेजारी येऊन बसला. मग बाहेरची ऑफर फिसकटली तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आमच्या बी विंगमधल्या पोराची तर चर्चा दोन मजले रंगली. पगार १८ लाख, बाहेरून ऑफर २५ची. कंपनी म्हणाली, थांब, २६ देतो! पोरगं हुरळून पोर्टलवर राजीनामा मागे घ्यायला निघालं. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या आत्याबाई कडाडल्या, "आधी कंपनीच्या लेटरहेडवर कागद आण रे!"

आला कागद. फिक्स्ड २१, व्हेरिएबल २ आणि रिटेन्शन बोनस ३ लाख. बाहेरच्या २५मध्ये फिक्स्डच होते २४. "म्हणजे एक तारखेला किती?" आत्याबाईंनी चष्मा चढवला. कापाकापीच्या आधी तिकडे महिन्याला दोन लाख, इकडे पावणेदोन. सव्वीसवाला पंचविसवाल्यापेक्षा गरीब! शिवाय दीड वर्षाच्या आत सोडलं तर बोनस अख्खा परत. हातात येणार कर कापून, मागणार मात्र पुरते तीन लाख. पुढच्या वर्षी तो बोनस नाहीच, आणि अप्रेझलला उत्तर तयार: 'तुला आत्ताच नाही का वाढवून दिलं?'

पोरानं विचारलं, हेच तीन लाख फिक्स्डमध्ये घाला की. एचआरच्या बाईंनी गोड हसून सांगितलं, "पॉलिसीत बसत नाही." सव्वीस बसतात, चोवीस बसत नाहीत, धन्य ती पॉलिसी!

पोरगं गेलं. त्याला थांबवायला आलेला साहेबही म्हणे सध्या नोटीसवर आहे, आणि त्यालाही काउंटर ऑफर आली आहे. हसताय काय? गेल्या रविवारी जेवण झाल्यावर दार लावून तुम्ही रेझ्युमेत कुठलं नवं स्किल चिकटवत होतात, ते वहिनींनी पाहिलंय.