पुढं काय होतंवाले अण्णा

नारायणगावच्या आसपास एखाद्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये ईआरपी बसवायची बोलणी सुरू झाली की अण्णा उगवलेच म्हणून समजा. काखेत खाकी कागदाची गुंडाळी, खिशात रंगीत चिठ्ठ्या आणि तोंडी एकच प्रश्न, "बरं, मग पुढं काय होतं?" सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना चहा मालकांच्या केबिनमध्ये मिळतो. अण्णा तो कोल्ड स्टोअरच्या दारात, उपड्या क्रेटवर बसून पितात.

कागद भिंतीला चिकटवायचा आणि आडवे पट्टे आखायचे: खरेदीदार, विक्री, तोडणी, पॅकिंग, कोल्ड स्टोअर, हिशेब. ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात. चौकोन म्हणजे काम, शंकरपाळी म्हणजे निर्णय. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की अण्णा खूश. "काम अडतं ते इथंच, हात बदलताना!"

कुणी "खरं तर असं करायला पाहिजे" म्हणालं, की ते गुलाबी चिठ्ठीवर जातं आणि कोपऱ्यात चिकटतं. "ते नंतर. मागच्या मंगळवारी काय झालं ते सांगा." मालक समोर असले की सगळेच नियमाप्रमाणे वागतात, म्हणून अण्णा मालकांना गोड बोलून बागेकडे पिटाळतात.

आमच्या पॅकहाउसच्या विक्रीवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "ऑर्डर आली की संगणकावर शिल्लक बघतो, होकार देतो." अण्णांनी एक ऑर्डर धरली आणि तिच्या मागे फिरले. ऑर्डर फोनवर आली संध्याकाळी ७ला, संगणकात चढली दुसऱ्या दिवशी सकाळी ११ला. काम १० मिनिटांचं, वाट १६ तासांची. दोन्ही आकडे त्यांनी बाणाखाली लिहिले. शिवाय संगणकातली शिल्लक आदल्या दिवसाची. निवडीत किती घड बाद झाले, किती पेट्या अजून थंड व्हायच्यात, कुठली पेटी कुठल्या बागेची, हे सगळं कोल्ड स्टोअरवरच्या पोराच्या वहीत. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग ग्रेपनेटवर नोंदलेल्या बागेपर्यंत लागावा लागतो, म्हणजे वही चुकली तर सगळंच चुकलं. होकार द्यायच्या आधी विक्रीवाले गुपचूप त्या पोरालाच फोन लावत होते! ईआरपीच्या आराखड्यात ना तो फोन होता, ना ती वही.

अण्णांनी वहीला चौकोन दिला, फोनला तुटक रेघ दिली आणि पोराला कागदासमोर उभं केलं. त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"साहेब, गाडीचा बाण उलटा हाय. हापिस मला गाडी कळवत नाय. ड्रायव्हर दारात आला, की मीच हापिसाला कळवतो."

अण्णांनी खोडरबर काढला. सत्यनारायणाचा प्रसाद मिळावा तसा चेहरा करून म्हणाले, "बस बस इथं. बरं, मग पुढं काय होतं?"