आधी काटा, मग कॉफी

हल्ली नवशिक्याला आधी ताजे दाणे, मग ग्राइंडर, मग ग्रॅमचा काटा घ्यायला लावतात. कॉफी पुढच्या पगाराला. इन्स्टंटवाला तोवर कप विसळून कामावर पोचलेला असतो. चव म्हणाल, तर त्याने ती कधी मागितलीच नव्हती.

ही दोन्ही टोकं नको असतील, तर फिल्टर कॉफी करा. माटुंग्याच्या दुकानातून 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी दळून आणा. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नाही. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण दुधाला पुरून उरणारा दाट, काळा अर्क देण्यात तिचा मोठा हात. स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन चमचे पावडर हलकेच दाबा, कडकडीत पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा. थेंबही गळेना, तर पावडर ठासली गेली. धो धो गळलं, तर दाबलीच नाही. ह्यात काटा कुठेच लागत नाही, हीच पंडितांची खरी तक्रार.