तीन वाक्यांचा बंडू

प्रत्येक ऑफिसात एक बंडू असतो. कुणाच्याही मोबाइलवर ‘हाय’ दिसलं, की त्याचा हात पुढे येतो. “आण इकडे!”

बंडूच्या मते मेसेजला वाक्यं तीनच. एक पाहिलेलं, एक वाटलेलं, एक विचारलेलं. हे व्रत तो कुठेही सोडत नाही. चहावाल्याला म्हणतो, “आज आलं जास्त पडलंय. जिवाला बरं वाटलं. नवीन किसणी का?” आम्ही मागे सुट्ट्या पैशांसाठी ताटकळत.

परवा सुमित तावडीत सापडला. राजगडच्या ट्रेकला भेटलेल्या मुलीसाठी त्याने लिहिलं होतं, “तू खूप सुंदर दिसत होतीस. मला फार आवडलीस. भेटू या का?”

“वाक्यं तीन आहेत,” सुमित घाबरत म्हणाला.

“सुंदर तर तिला आरसाही सांगतो. तू काय पाहिलंस? आणि पहिल्याच मेसेजात ‘आवडलीस’ म्हटलंस की उत्तराचं ओझं तिच्यावर. वर ‘भेटू या का’, म्हणजे हो किंवा नाही, थेट निकालच!”

बरंच खोदल्यावर सुमितला एक गोष्ट आठवली. मग बंडूने लिहवून घेतलं: “सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत होते आणि तू ताकवाल्या मावशींशी गप्पा मारत बसली होतीस. मला मावशींचा जरा हेवाच वाटला. एवढं काय बोलत होतात?”

सुमितला शेवटी ‘आणि तुझे छंद कोणते?’ जोडायचं होतं. बंडूने फोनच काढून घेतला. दोन प्रश्न झाले की मुलाखत होते म्हणे. प्रश्न असा हवा, की बसमध्ये उभ्या उभ्या एका अंगठ्याने उत्तर देता यावं.

उत्तर आलं: “ताकात आलं किती घालायचं, ते. तुला हेवा ताकाचा वाटला की गप्पांचा?”

“तिने उलट विचारलंय!” बंडू ओरडला. त्याच्या लेखी खरी खूण तीच. नुसतं ‘हाहा’ आलं असतं तर त्याने आनंद मानला नसता.

पुढे एकदा सुमितला दोन मेसेजांवर नुसतं ‘हम्म’ आलं. तो तिसरा लिहायला बसला, तेव्हा बंडूने पहिल्यांदाच काही सुचवलं नाही. “आता थांब. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल,” एवढंच म्हणाला. हा माणूस मला आवडतो असं मी कुठेही कबूल करणार नाही, पण मुलीच्या बाजूने इतका विचार करणारे सल्लागार मी फार पाहिलेले नाहीत.

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. वहिनींचा मेसेज होता.

“डबा ओट्यावरच आहे. डोकं फिरलंय. बाहेर काय गिळलंस?”

बंडू बराच वेळ टाइप करत होता, खोडत होता. शेवटी त्याने फोन सुमितपुढे सरकवला.