सिंकखालचा वायसर

स्वयंपाकघरातल्या सिंकखाली गळायला लागलं की प्लंबर पिशवीतून सगळ्यात आधी पांढरी टेप काढतो, याबद्दल माझी तक्रार आहे. तो टेप आट्यांवर गुंडाळतो, पान्हा लावून अंगातला सगळा जोर खर्चून नट आवळतो, वरून पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवतो आणि म्हणतो, "ताई, आता टिपूससुद्धा येणार नाही." काही दिवस खरंच येत नाही. मग ओट्याखालची कांद्याची टोपली खालून ओली लागते, एकदोन कांदे सडलेले निघतात आणि तपेलं पुन्हा पाइपाखाली जातं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार आहे. त्या जोडात पाणी अडवण्याचं काम आट्यांचं नसतंच. आटे फक्त दाब देतात. पाणी अडवतो तो रबराचा वायसर, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

जोड असा असतो. सिंकच्या भोकात वरून जाळीचं कपलिंग उतरतं. त्याची रुंद कडा सिंकच्या खोलगट भागावर टेकते आणि आटे असलेली नळी भोकातून खाली येते. कडेच्या खाली एक पातळ वायसर, सिंकच्या पत्र्याला खालून दुसरा जाड वायसर, त्याखाली एक कडक प्लास्टिकची चकती आणि मग मोठा नट. नट वर चढतो तसा पत्रा दोन्ही वायसरांच्या मध्ये दाबला जातो. नळीच्या टोकाला वेस्ट पाइप लागतो, त्याला स्वतःचा छोटा नट आणि स्वतःचा वायसर. म्हणजे गळायच्या जागा दोन: सिंकला लागून वरची आणि पाइपाला लागून खालची.

यातली कोणती गळते हे ओळखायला पान्हा लागत नाही. सगळा भाग फडक्याने कोरडा पुसायचा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, भोकाला बूच लावायचं आणि सिंक अर्धं भरून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. बूच घट्ट असताना थेंब आला तर दोष वरच्या जोडात. तेव्हा कोरडं राहिलं आणि बूच काढून पाणी सोडल्यावर गळलं तर दोष खाली पाइपाच्या नटाशी. आमच्याकडे आलेल्या एकाही माणसाने हे केलं नाही. शेवटी मी केलं. पाणी साठलेलं असतानाच मोठ्या नटाच्या खालच्या कडेला थेंब लोंबकळला. वर्तमानपत्रावर त्याचा डाग पडला तो पिवळसर लाल होता, कारण त्या दिवशी शेवभाजी झाली होती आणि तर्रीची भांडी नुकतीच घासली होती.

थेंब नटापाशी दिसतो म्हणून नटाला दोष दिला जातो. पण पाणी तिथून निघालेलं नसतं. वरच्या कडेखाली फट असली की पाणी त्या फटीतून भोकात शिरतं, नळीच्या बाहेरच्या आट्यांवरून गोल गोल फिरत उतरतं आणि नटाखाली बाहेर पडतं. आट्यांवर टेप गुंडाळली की ही वाट थोडी तुंबते. वरची फट तशीच राहते. टेपेने काही दिवस बरं वाटतं, त्याचं कारण एवढंच.

नट खोलला तेव्हा खरी गोष्ट दिसली. उलटा फिरवताना नटाबरोबर अख्खं कपलिंगच फिरतं, म्हणून वरून कोणीतरी जाळीच्या भोकांत पकड घालून ते धरून ठेवावं लागतं. खालचा जाड वायसर एका बाजूला दुमडला होता आणि दुसऱ्या बाजूला नटाबाहेर जिभेसारखा आला होता. नट आणि रबर यांच्यामधली ती कडक चकती कोणी घातलीच नव्हती. ती नसली की नट रबराला थेट घासतो, फिरताना त्याला ओढतो, आणि जितका जोर लावावा तितकं रबर जागचं सरकतं. वरचा वायसर उचलला, तर त्याच्या आणि स्टीलच्या मध्ये मिरचीची एक बी चपटी होऊन बसली होती. आमचं नंदुरबार मिरचीचं गाव आहे, हंगामात आमच्या घरांत ही बी कुठेही सापडते. पण कपलिंग बसवताना ती जागा एकदा फडक्याने पुसली असती तर ती तिथे राहिली नसती. तेवढ्या उंचवट्याशेजारी रबर टेकत नाही आणि पाण्याला तेवढं पुरतं.

आता दुकानाची तक्रार. सुटा वायसर मागितला तर उत्तर मिळालं, "सुटा येत नाही ताई, अख्खं कपलिंग घ्या." स्टीलचं चांगलं कपलिंग चकतीभर रबरासाठी भंगारात टाकायचं. दुसऱ्या दुकानात सुटे होते, पण उन्हात काचेच्या बरणीत पडून पडून कडक झालेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात साधं रबर लवकर म्हातारं होतं. वायसर घेताना तो बोटांत दुमडून बघावा. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा तो सरळ व्हायला वेळ लागला, तर परत द्यावा. साध्या रबराला तेलही सोसत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. आमच्या भाज्यांना तेलाचा हात सढळ असतो, तेव्हा तर्री आधी कागदाने पुसून मग भांडं सिंकमध्ये टाकलेलं बरं. भाताचं उकळतं पाणीही थेट ओतू नये. पीव्हीसीचा पाइप आणि नट त्याने नरम पडतात आणि दाब सैल होतो.

बसवायचं कसं, तेही सांगते. सिंकच्या भोकाची कड आधी स्वच्छ करायची. जुनं सिमेंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, सुरीने नाही, कारण ओरखडा उठला की नवी वाट तयार. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर लिंबाच्या फोडीने निघतो. मग कोरडं करून वायसर, कपलिंग, खालून जाड वायसर, चकती, नट, या क्रमाने चढवायचं. नट हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, नंतर पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा. रबराची कड चारी बाजूंनी सारखी बाहेर आलेली दिसली की थांबायचं. पुढे आवळलं तर रबर पिळून बाहेर येतं आणि प्लास्टिकच्या नटाला बारीक तडा जातो, तो लगेच दिसत नाही. खाली पाइपही सरळ उतरला पाहिजे. भिंतीतल्या भोकाकडे ओढून तिरका लावला तर त्याचा वायसर एकाच बाजूने दाबला जातो. दुसऱ्या दिवशी रबर बसलेलं असतं, तेव्हा नट हातानेच किंचित आवळून घ्यायचा. या सगळ्यात टेप कुठेही लागत नाही.

ओट्याखालचं तपेलं त्या दिवसापासून फडताळात गेलं आहे. दुकानदारांनी ताजे सुटे वायसर आणि ती कडक चकती ठेवावी, एवढी मागणी आहे. आणि तुमच्याकडे प्लंबर येऊन टेप काढू लागला, तर त्याला एवढंच सांगा: भाऊ, आधी बूच लावून सिंक भरा, मग नट खोलून रबर दाखवा.