प्रस्तावनेतला 'मी' कोणाचा?

मराठीचे प्रबंध वाचताना एक नियम ध्यानात येतो. पुस्तक दोनशे पानांचं असो की चारशे, उद्धृतं बहुधा पहिल्या पंधरा पानांतलीच असतात. संशोधकाचा दम प्रस्तावनेतच संपतो. याला माझी हरकत नाही. दुसऱ्याने पुस्तक वाचून आपल्याला सांगावं, यासाठीच तर प्रस्तावना असते. फक्त तो दुसरा कोण, एवढं तरी बघावं.

परवा एका प्रबंधात नामदेव ढसाळ कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत बिचकत शिरताना भेटले. पांढरपेशा माणसाला हे जग ठाऊकच नसतं, अशी खंतही ते व्यक्त करत होते. कंसात संदर्भ : ढसाळ, १९७२. ज्या वस्तीत माणूस लहानाचा मोठा झाला, तिथेच त्याला पाहुणा करून सोडलं होतं! 'गोलपिठा'ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. बिचकणारे ते, वाट दाखवणारे ढसाळ.

"पण सर, कव्हरवर ढसाळांचंच नाव आहे," संशोधक म्हणाला.

मी त्याला नोंद करून दाखवली. ज्याचं वाक्य घेतलं, त्याचं नाव आधी : तेंडुलकर, विजय. मग 'प्रस्तावना'. मग पुस्तकाचं नाव, 'ले. नामदेव ढसाळ', प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि प्रस्तावनेची पानं. मजकुरातल्या कंसातही तेंडुलकरच. कविता उद्धृत केली असेल, तर ढसाळांच्या नावाची वेगळी नोंद. आणि लेखकाने स्वतःच 'मनोगत' लिहिलं असेल, तर हा प्रश्नच नाही. सगळं त्याच्याच नावावर.

"पानं कुठली टाकू? काही पुस्तकांत प्रस्तावनेला 'सात', 'आठ' असे अक्षरी आकडे असतात."

"अक्षरीच टाक. '७' लिहिलंस, तर वाचणारा सातव्या पानावरच्या कवितेत जाऊन पडेल."

"आणि आवृत्ती?"

"हातात असेल ती. प्रस्तावना पुस्तकाला कायमची चिकटलेली नसते." फ्रान्झ फॅनन यांच्या १९६१च्या गाजलेल्या पुस्तकाला सार्त्रची प्रस्तावना होती. १९६७च्या युद्धात सार्त्रने इस्रायलची बाजू घेतली, तेव्हा फॅनन यांच्या पत्नीने पुढच्या फ्रेंच आवृत्तीतून ती काढायला लावली. त्या आवृत्तीचं वर्ष देऊन सार्त्रचं वाक्य उद्धृत करणाऱ्याला ते पान जन्मात सापडणार नाही. फॅनन यांच्या नावावर सार्त्रची वाक्यं खपवणारे मात्र अजून जगभर सापडतात.

संशोधकाने मान डोलावत सगळं टिपून घेतलं आणि आठ दिवसांत दुरुस्त प्रत आणून दिली. मी उघडली. प्रस्तावना तेंडुलकरांची झाली होती. कविताही तेंडुलकरांच्याच झाल्या होत्या.

"सर, एकेक कुठे शोधत बसू? कॉम्प्युटरवर एकदम सगळीकडे नाव बदललं."